झोपलेल्या रूममेटला हाय कसं म्हणायचं

२०१७ चा जून, शनिवार. धुळ्याहून रात्री दहाच्या ट्रॅव्हल्सने निघालो मी आणि पप्पा, पहाटे संगमवाडीला उतरलो, तिथून रिक्षा करून कर्वेनगर. सोबत एक मोठी बॅग, एक सॅक, बादली-मग (बादली इथे मिळत नाही का असं मी मम्मीला दहा वेळा बोलली होती), आणि दशम्यांचा स्टीलचा डबा. सोमवारी जॉइनिंग होतं. रूम आधी ऑनलाइन फोटो बघून ठरवलेली, थ्री शेअरिंग, कॉट बेसिस, महिना ४,८०० आणि एक महिन्याचं डिपॉझिट, जेवण आपलं आपण.

आता बसने येताना मी पूर्ण रस्ताभर एकच गोष्ट घोकत आली होती, की रूममेटला पहिलं काय म्हणायचं. हसू नका. मी कधी हॉस्टेलला राहिलेली नव्हती, कॉलेज घरूनच केलं, त्यामुळे अनोळखी मुलीसोबत एका खोलीत झोपायचं ही कल्पनाच मला झेपत नव्हती. "हाय, मी अमुक, धुळ्याची" असं म्हणायचं, का नुसतं हसायचं, का हात पुढे करायचा, हात पुढे केला आणि तिने नाही केला तर काय. चुलत बहीण नाशिकला हॉस्टेलला होती ती म्हणे आधी नाव विचार, मग गाव विचार, मग लगेच खायला काहीतरी दे, बाकी आपोआप होतं. मी म्हटलं ठीक आहे, दशम्या आहेतच.

पावणेसातला बिल्डिंगखाली पोचलो. काकू गाऊनवर ओढणी घेऊन खाली आल्या, रजिस्टर उघडलं, आधार कार्डची झेरॉक्स घेतली, नाव, आडनाव, गाव, कंपनी सगळं लिहिलं आणि पप्पांना म्हणाल्या "वर जेन्ट्स अलाऊड नाहीत हं, तुम्ही इथे खुर्चीवर बसा." पप्पा बिचारे पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मग माझ्याकडे वळून काकू आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर. एकच मुलगी आहे सध्या, आयटीत आहे, शांत आहे. आत्ताच नाईट करून आलीये, झोपली असेल. आवाज करू नकोस."

म्हणजे मी रात्रभर जे पाठ केलं ते कुणाला म्हणायचंच नव्हतं.

काकूंनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, मला आत ढकलल्यासारखं केलं आणि गेल्या. आत पूर्ण अंधार. खिडकीला जाड चादर लावलेली, वर चिमटे. पंखा पाचवर. उजवीकडच्या कॉटवर डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेतलेला एक आकार, भिंतीकडे तोंड. बस. ही माझी रूममेट.

मी दारातच उभी. चपला बाहेर काढायच्या का आत, तेही कळेना. तिची एक जोडी आत दारामागे होती म्हणून मीपण तिथेच काढल्या, शेजारी, पण तिच्या चपलांना माझ्या चपला लागणार नाहीत अशा. आता विचार केला तर हीच आमची पहिली ओळख म्हणायची, चपलांची.

मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्यावर तळहात धरला म्हणजे लाल लाल अंधुक उजेड पडतो तेवढाच, त्याच्यात बघितलं. तीन कॉट. एकीवर ती, खिडकीखालच्या दुसऱ्या कॉटवर तिचे वाळलेले कपडे आणि लॅपटॉपची बॅग, तिसरी बाथरूमच्या दाराजवळची पूर्ण रिकामी, गादी गुंडाळलेली. खिडकीची मला पाहिजे होती. पण तिचे कपडे उचलून बाजूला ठेवायचे आणि ती उठल्यावर म्हणायचं "हाय, मी तुझे कपडे हलवले", हे काय मला जमणार नव्हतं. बाथरूमजवळचीच घेतली.

आणि मग मला कळलं की माणसाचं सामान किती आवाज करतं. बॅगेची चेन म्हणजे शांत खोलीत ट्रॅक्टर. अर्धी उघडून सोडून दिली. त्याहून वाईट कॅरीबॅग, मम्मीने प्रत्येक गोष्ट कॅरीबॅगमध्ये घालून त्याला गाठ मारून दिलेली, साबण वेगळा, चप्पल वेगळी, लोणचं तर तीन कॅरीबॅगांत. गाठीला हात लावला की चर्रर्र. सगळं तसंच ठेवून दिलं. बाथरूमला जायचं होतं तर कडी अशी घट्ट की ढकलली असती तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असतं, मग दार नुसतं लोटून आत पायाने धरून बसली. हे कुठे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, नाईटवाल्या रूममेटच्या खोलीत सकाळी जायचं असेल तर ब्रश, टॉवेल आणि एक ड्रेस हे सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा, बाकी बॅग उघडूच नका.

मग कॉटवर बसून नुसतं बघत बसली. डोळे सरावले अंधाराला. तिच्या कपाटाचं दार अर्धं उघडं. वर एक संत्रा बर्फीचा डबा, बाजूला केसांचं तेल, हेडफोन, गोळ्यांची पाकिटं, एक कॅलेंडर उलटं ठेवलेलं. मी लगेच डिटेक्टिव्ह. आयटी, नाईट शिफ्ट, हेडफोन, म्हणजे नक्की इंग्लिश झाडणारी, म्हणजे नक्की बाहेरची, दिल्ली नाहीतर इंदोर. संत्रा बर्फी समोर दिसत असून डोक्यात ट्यूब पेटली नाही. पेटायला पाहिजे होती.

मम्मीचा फोन आला, व्हायब्रेटवर होता नशीब. बाहेर जिन्यात जाऊन उचलला.

"पोचनी का वं?"
"हाव."
"खोली कशी शे?"
"चांगली शे."
"आनि पोरगी? पोरगी कशी शे?"
"झोपेल शे."
"झोपेल म्हंजे?"

आता झोपेल म्हणजे काय सांगायचं. मम्मीला संशय की मी काहीतरी लपवतेय. खाली पप्पा तेच, "बोलली का? कुठली आहे? बरी आहे ना?" मी म्हटलं पप्पा ती झोपलेली आहे. पप्पा म्हणाले सात वाजून गेले, अजून झोपली? म्हटलं रात्रभर काम करून पाचला आली ती. तर पप्पा गप्प झाले आणि म्हणाले, मग दुपारपर्यंत तिला त्रास देऊ नको. चहा घेतला टपरीवर, नऊच्या गाडीने ते परत जाणार होते, मला म्हणाले तू वर जा, आराम कर. मी काही रडली वगैरे नाही. म्हणजे जिन्यात रडली.

वर आली, कॉटवर आडवी झाली, आणि साडेसातला माझ्या मोबाईलचा रोजचा अलार्म वाजला. फुल्ल आवाजात. घरी मला उठवायला तेवढाच लागायचा. व्हायब्रेटवर ठेवलं तरी अलार्म वाजतोच हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, सायलेंट म्हणजे सगळं सायलेंट असं वाटायचं. मोबाईल सॅकमध्ये गेलेला, सॅकला तीन कप्पे, मी अंधारात शोधतेय आणि ते वाजतंय, वाजतंय.

पांघरुणातून एक डोकं बाहेर आलं. केस सगळे तोंडावर. आणि मी जे घोकलं होतं त्यातलं काहीच नाही, तोंडातून निघालं, "सॉरी दीदी, सॉरी सॉरी, सो जाओ आप."

"कोई बात नहीं," ती म्हणाली, आणि परत भिंतीकडे.

झाली ओळख. चार महिने आधी इंटरव्ह्यूला पुण्यात आली होती तेव्हा रिक्षावाला, दुकानदार, लिफ्टमधला माणूस सगळे माझ्याशी हिंदीत बोलले होते, त्याचा परिणाम म्हणा, अनोळखी माणूस दिसला की पुण्यात हिंदी बोलायचं असं डोक्यात बसलेलं. आणि एकदा पहिलं वाक्य ज्या भाषेत निघालं ना, मग त्याच भाषेत पुढे रेटावं लागतं. मध्येच बदलणं म्हणजे चालत्या गाडीतून उतरण्यासारखं.

साडेबाराला ती उठली. उठली म्हणजे बसली कॉटवर, पाच मिनिटं नुसती भिंतीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघून हसली. तिचं नाव लिहित नाही, तिनेच सांगितलंय लिहू नको. तिने तिचं नाव सांगितलं, मी माझं सांगितलं, दोघींनी फक्त पहिलं नाव. हात वगैरे कोणी पुढे केला नाही, दोन कॉटच्या मध्ये सात फूट अंतर होतं आणि ती अजून पांघरुणात होती. मी उगाच दोन आठवडे त्या हाताची काळजी केली.

मग सुरू झाली आमची हिंदी. माझी हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेली. "दीदी, बाल्टी किधर रखने की?" "वो कपडे सुखाने को डोरी है क्या?" एकदा तर चक्क विचारलं, "आपका जेवण हुआ क्या?" ती पण काही अडली नाही, "नहीं, अभी तो उठी," म्हणाली. तेव्हा तरी समजायला पाहिजे होतं ना, दिल्लीची पोरगी जेवण म्हटल्यावर थांबली असती! आणि तिची हिंदी पण, आता आठवलं की हसू येतं, "काकू बोली थी कि नई लड़की आ रही करके, मैंने सोचा संडे को आएगी करके." हे "करके" म्हणजे नागपूरकडचा पक्का शिक्का, कुणीही नागपूरवाला ओळखेल, पण मी कधी त्या बाजूला गेलेलीच नव्हती.

अशी अर्धा तास गाडी चालली. तिने मला सांगितलं की गीझर सकाळी सहा ते आठ, पाणी दिवसभर असतं पण प्यायचं खालून भरून आणायचं, कचरा सकाळी आठच्या आत दाराबाहेर, आणि टेबलाजवळचं प्लग पॉइंट ढिलं आहे, चार्जर खालून काहीतरी टेकवून ठेवावा लागतो. मी "हाँ दीदी, हाँ दीदी" करतेय.

तेवढ्यात मम्मीचा परत फोन. एक वाजता. ती जेवायला बसली होती आणि तिला घास उतरत नव्हता म्हणे. मी जागेवरूनच उचलला, बाहेर जायला लाज वाटली, म्हणजे तिला वाटेल हिच्याबद्दलच बोलायला बाहेर गेली. आणि तसं बरं होतं, हिला आपली भाषा कुठे कळणार.

"उठनी का ती?"
"हाव, उठनी."
"बोलनी का तुनासंगे? सभाव कसा शे?"
"चांगला शे वं माय, ठेव आते."

फोन ठेवला. ती माझ्याकडे एकदम इंटरेस्टने बघत होती.

"आप गुजराती हो?"

मी म्हटलं, "नहीं नहीं, मैं धुळे से."

"कहाँ?"

"धुळे. धुलिया. जलगाव के पास में."

तिने कपाळावर हात मारला. "अवं माय! धुळे तर महाराष्ट्रात आहे ना वं! मंग मराठी बोल ना! मी कवाची हिंदी झाडून राहिली इथं!"

मी शब्दशः उभी राहिली. "तुम्ही मराठी?"

"भंडाऱ्याची आहे मी."

आम्ही दोघी जे हसलो. दोन मराठी पोरी, पुण्यात, अर्धा तास एकमेकींशी मोडकी हिंदी बोलतायत आणि दोघींना वाटतंय समोरची लई सफाईदार बोलते. मी तिला म्हटलं, संत्रा बर्फी बघून तरी मला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "अन् तू 'जेवण हुआ क्या' म्हणली तवा मले कळाले पाहिजे होतं."

"मले" म्हणली ना ती, तिथे मी थांबली. कारण आमच्या अहिराणीत पण "माले". तुला म्हणायला तिचंही "तुले", आमचंही "तुले". पुस्तकात मला-तुला शिकलो दोघी, पण घरी ती मले-तुले आणि मी माले-तुले. खानदेश कुठे आणि भंडारा कुठे, मध्ये आख्खा बुलढाणा, अकोला, अमरावती, नागपूर. ती म्हणते "काय करून राहिली", आम्ही म्हणतो "काय करी राहिनी". पुणेवाले म्हणणार "काय करतीयेस". आम्ही असे शब्द काढतच बसलो, ती एक म्हणायची मी एक. "शे" तिला कळेना, ते तिला गुजराती "छे" वाटलेलं, म्हणून तर तिने विचारलं. तसं अहिराणी ऐकून गुजराती का असं विचारणारे पुढे मला ऑफिसमध्येही भेटले, आता सवय झाली.

आता भानगड झाली दीदीची. हिंदीत दीदी आणि आप चालून गेलं होतं. मराठीत काय? ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्याकडे चार वर्षं मोठी म्हणजे ताई, विषय संपला. पण रूममेटला "तुम्ही" म्हणायचं म्हणजे रोज सकाळी बाथरूमबाहेर उभं राहून "ताई, तुमचं झालं का" म्हणायचं? मी "ताई तुम्ही" म्हणून सुरू केलं, तिने दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "हे पाय, ताई नको म्हणू. मागच्या रूमवर एक ताई म्हणायची मले. ताई म्हणून म्हणून सगळी झाडझूड माझ्याच अंगावर टाकली तिने. नावाने बोलव." मी पहिले दोन दिवस नाव टाळूनच बोलायची, "अगं ऐक ना" असं. तुम्ही वरून तू वर यायला मला आठवडा लागला. ती माझ्याशी पहिल्या मिनिटापासून तू.

मग दशम्या काढल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, दोन दिवस मऊ राहतात म्हणून प्रवासाला घेतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ते तीन कॅरीबॅगांतलं लोणचं. गाठी सोडल्या आता बिनधास्त, चर्रर्र. तिचा मेसचा डबा खाली आला होता, वरण-भात-कोबी, तो वर आणला. एकच पेपर पसरला खाली. तिने उठल्यापासून चहाही घेतलेला नव्हता आणि तीन दशम्या खाल्ल्या, मी मोजल्या, मम्मीला संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा होता ना. बहिणीने सांगितलेलं ते खरं निघालं, फक्त क्रम उलटा झाला, तिच्या हिशोबाने नाव, गाव, खाणं आणि आमचं अलार्म, सॉरी, गुजराती का, मग खाणं.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. आम्ही एवढं बोललो, गाव झालं, शाळा झाली, भाऊ-बहिणी झाल्या, पण तिने मला आडनाव विचारलं नाही आणि स्वतःचंही सांगितलं नाही. मीपण विचारलं नाही, विचारायचं नाही असं काही मनात नव्हतं, राहून गेलं एवढंच.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिच्या बाबांचा फोन आला. ती केस विंचरत होती, स्पीकरवर टाकायला गेली आणि मग नाही टाकला, कानाला लावला.

"जय भीम बाबा."

आणि बोलता बोलता माझ्याकडे एकदा बघितलं. अर्धा सेकंद. मी चार्जरखाली पुस्तक टेकवत होती, मी पण बघितलं. खोटं कशाला बोलू, मला त्या अर्ध्या सेकंदात काय चेहरा करायचा ते कळलं नाही. आमच्या घरी फोनवर जय भीम नसतं. आमच्या वर्गात म्हणणारे होते, शेजारच्या गल्लीत होते, चौदा एप्रिलची मिरवणूक दरवर्षी आमच्या घरापुढून जाते, पण एकाच खोलीत, माझ्या कॉटपासून सात फुटांवर, रोजच्या बोलण्यात मी ते पहिल्यांदा ऐकत होती. आणि काहीच न बोलणं हा पण एक चेहरा असतो हे मला नंतर कळलं.

फोन झाल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आमची आजी फोन उचलला की आधी राम राम म्हणते, राँग नंबरलासुद्धा, एकदा एक बँकेवाली बाई दहा मिनिटं तिच्याशी बोलत बसली. ती हसली. मग म्हणाली, "माझी आजी बी तशीच, राँग नंबरले बी जय भीम." आणि ते उलटं ठेवलेलं कॅलेंडर तिने सरळ केलं, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली दीक्षाभूमीचा स्तूप. सकाळी मला त्याची फक्त मागची बाजू दिसली होती. मुद्दाम उलटं ठेवलं होतं का पंख्याने पडलं होतं, मी अजून विचारलेलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून आल्यावर एकदा रात्री तिने सांगितलं. आधी जिथे रूम बघायला गेली होती तिथे सगळं ठरलं होतं, मालकिणीने रजिस्टरात आडनाव लिहिताना पेन थांबवला आणि मग आठवलं की ती कॉट आधीच कुणाला तरी दिलीये. "मराठीत सुरुवात केली ना," ती म्हणाली, "की पयला सवाल गाव, दुसरा सवाल आडनाव. आडनाव सांगितलं की समोरचा 'अच्छा' म्हणते. तो 'अच्छा' मले बरोबर समजते. हिंदीत बोललं तर लोक 'कहाँ से हो' विचारतात आणि सोडून देतात." म्हणजे मी सकाळी "सॉरी दीदी" म्हणून हिंदीत शिरली ते घाबरून, आणि तिने "कोई बात नहीं" म्हणून हिंदीतच ठेवलं ते झोपेत, पण नंतरचा अर्धा तास ती झोपेत नव्हती. मला वाटलं होतं दोघींचा सारखाच गोंधळ झाला. तसं नव्हतं ते. मी विचारलं, मग त्या दिवशी मराठीवर कशी आली तू? तर म्हणे, "तू फोनवर अशी काही बोलली, मले वाटलं हिले आपल्यापेक्षा बी लोक जास्त हसत असतील."

हो तर, हे पुढचं झालं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाकीचं ठरवलं, आणि हे पहिल्याच दिवशी ठरलं म्हणून पुढचे दीड वर्ष भांडणं कमी झाली (झाली नाहीत असं नाही, बाथरूममधल्या केसांवरून एकदा तीन दिवस अबोला होता). ती शनिवारी पण कामावर जायची, शिफ्ट रात्रीची, कॅब साडेआठला, परत पाचच्या आसपास. मी सोमवारपासून सकाळी आठला निघणार. म्हणजे ती येणार तेव्हा मी झोपलेली आणि मी उठणार तेव्हा ती झोपलेली. त्यामुळे माझे सकाळचे कपडे रात्रीच बाथरूममध्ये खिळ्याला टांगायचे, चादर खिडकीवरून मी काढायची नाही, अलार्म उशीखाली आणि फक्त व्हायब्रेट, तो कसा करायचा हे तिने मला मोबाईलमध्ये करून दाखवलं. तिने लाईट न लावता यायचं. आणि किल्ली एकच होती आमच्याकडे, काकू दुसरी द्यायला तयार नव्हत्या, तर ती मीटरच्या बॉक्सवर ठेवायची, हे काकूंना सांगायचं नाही.

खिडकीखालच्या कॉटवरचे कपडे तिने स्वतःच उचलले. म्हणाली, "तुले पाहिजे होती ना ती? सकाळी टॉर्च त्याच्यावरच फिरवून राहिली होती तू."

म्हणजे ती जागी होती! मी विचारलं कधीपासून? म्हणे काकूंनी कुलूप उघडलं तेव्हापासून. कोण आहे, कशी आहे, हे ती पांघरुणातून ऐकत पडली होती, मला उठून हाय म्हणावं का असं तिला पण वाटत होतं, पण तोंड धुतलेलं नव्हतं, केस असे, आणि मी एवढी चेन हळू उघडत होती की मध्येच उठणं तिला बरं वाटलं नाही. माझी बाथरूमची कसरत पण तिने ऐकली होती. त्याच्यावर पुढे वर्षभर चिडवलं.

साडेआठला कॅबवाल्याचा मिसकॉल आला. तिने बॅग उचलली, आयकार्ड गळ्यात घातलं, चपलांमध्ये पाय घातला आणि दारातून म्हणाली, "येतो वं."

मला दोन मिनिटं कळेना पोरगी होऊन "येतो" काय म्हणते. मग समजलं तिच्याकडे बायकापण मी येतो, मी जातो असंच म्हणतात. अहिराणीत तर आमचं "मी जास", त्याच्यात बाई-माणूस काहीच कळत नाही. "ये," मी म्हटलं. आमच्याकडे "जा" म्हणत नाहीत, जाणाऱ्याला.

रात्री एकटी होती. मम्मीला रिपोर्ट दिला, तीन दशम्या ऐकून मम्मी खूश, म्हणे उद्या अजून करून पाठवू का बसने. झोप लागली कधीतरी.

पहाटे जाग आली तेव्हा दार आधीच उघडलेलं. लाईट लावला नव्हता. तळहाताखाली धरलेला टॉर्च, लाल लाल उजेड, चपला काढल्याचा आवाजसुद्धा नाही. ती पायाची बोटं टेकत टेकत आपल्या कॉटकडे चाललेली, आणि मध्येच खाली ठेवलेल्या माझ्या दशम्यांच्या डब्याला तिचा पाय लागला. स्टीलचं झाकण फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, संपेचना.

"सॉरी सॉरी," ती कुजबुजली. "झोप तू."

"कोई बात नहीं," मी म्हटलं.